सहाव्या दिवशी बर्नडाउन बघून स्प्रिंट होणार की नाही हे कसं सांगायचं

प्रश्न: दोन आठवड्यांचा स्प्रिंट आहे, आज सहावा दिवस संपला आणि बर्नडाउनची लाल लाइन करड्या लाइनच्या बरीच वर आहे. मागच्या वेळी पण अशीच होती आणि शेवटच्या दोन दिवसांत धाडकन खाली आली. मॅनेजर रोज विचारतात, होणार की नाही? चार्ट बघून आजच्या आज कसं सांगायचं?

उत्तर:

सांगता येतं, पण दोन लाइनींमधलं अंतर बघून नाही. ती करडी लाइन म्हणजे पहिल्या दिवसाचा आकडा आणि शेवटच्या दिवसाचं शून्य, दोन्ही पट्टीने जोडलेले, बस. तुमच्याकडे टेस्टर एक आहे की तीन, कार्डं मोठी आहेत की छोटी, यातलं तिला काहीच माहीत नसतं. रोज सारखं काम संपेल असं ती धरून चालते आणि तसं कुठल्याच टीममध्ये होत नाही, कारण जिरा आणि तसल्या बहुतेक टूल्समध्ये पॉइंट तेव्हाच कमी होतात जेव्हा कार्ड बोर्डच्या सगळ्यात उजव्या कॉलमात जातं. आठ पॉइंटच्या कार्डाचं सात पॉइंटचं काम झालं असलं तरी चार्टसाठी ते शून्यच. त्यामुळे पहिले तीन दिवस लाइन आडवी असणं यात घाबरण्यासारखं काही नाही, कामं नुकतीच सुरू झालेली असतात. सहाव्या दिवशीसुद्धा ती वर असू शकते आणि स्प्रिंट व्यवस्थित संपू शकतो, आणि उलटपण होतं, लाइन खाली दिसते आणि स्प्रिंट बुडतो.

मग बघायचं काय? मी तीनच गोष्टी बघते: लाइन जेवढी खाली आली त्यातलं खरं संपलेलं काम किती, उरलेले पॉइंट बोर्डवर कुठल्या कॉलमात बसलेत, आणि त्यांना जिथून जायचंय त्या सगळ्यात अरुंद जागेत किती दिवस शिल्लक आहेत. आमच्याच एका स्प्रिंटवर हे करून दाखवते, म्हणजे तुम्हाला तुमच्या बोर्डवर तसंच्या तसं करता येईल.

टीम अशी होती, पाच डेव्हलपर आणि एक टेस्टर, छोट्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं ॲप. दहा कामाचे दिवस, सुरुवातीला ४० पॉइंट, नऊ कार्डं. सहाव्या दिवशी संध्याकाळी चार्टवर २७ शिल्लक, करडी लाइन होती १६ वर. म्हणजे तुमच्यासारखंच चित्र.

पहिलं काम, लाइन सोडा आणि चार्टच्या खाली जो तक्ता असतो तो उघडा. बरेच लोक तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत आणि सगळी खरी माहिती तिथेच असते, कुठल्या दिवशी कुठलं कार्ड संपलं, कुठलं नंतर आत आलं, कुठलं बाहेर गेलं, कुणी मध्येच एस्टिमेट बदललं. आमच्या लाइनने ४० वरून २७ म्हणजे १३ पॉइंट खाली उतरल्यासारखं दाखवलं होतं. तक्त्यात मात्र वेगळीच गोष्ट होती. चौथ्या दिवशी प्रॉडक्शनमधला एक बग आत आला, ५ पॉइंटचा, बिलाच्या राउंडिंगमध्ये एक पैसा इकडेतिकडे होत होता. पाचव्या दिवशी बल्क अपलोडचं ८ पॉइंटचं कार्ड परत बॅकलॉगमध्ये गेलं कारण कस्टमरकडून फाइलचा फॉरमॅटच आला नव्हता. म्हणजे स्कोप झाला ४० अधिक ५ वजा ८, ३७. आणि खरोखर संपलेलं काय, तर ओटीपी परत पाठवण्याचं ३, रिपोर्टचा फिल्टर २ आणि तो राउंडिंगचा बग ५. एकूण १०. सहा दिवसांत १०.

हे वेगळं काढणं फार महत्त्वाचं आहे, कारण पाचव्या दिवशी लाइन एका फटक्यात ८ ने खाली आली होती आणि स्टँडअपमध्ये सगळ्यांना वाटलं की गाडी रुळावर आली. प्रत्यक्षात त्या दिवशी एकही कार्ड संपलं नव्हतं. चार्टवर काम संपल्यावरची उतरण आणि कार्ड बाहेर काढल्यावरची उतरण अगदी सारखीच दिसते, डोळ्यांनी फरक कळत नाही.

याच ठिकाणी अजून एक फसवी गोष्ट. मध्येच आत आलेल्या कार्डाला कुणी पॉइंट टाकलेच नाहीत तर पॉइंटच्या चार्टवर ते दिसतच नाही, लाइन जिथे होती तिथेच राहते आणि कुणाचे तरी दोन दिवस त्यात जातात. त्यामुळे जिराच्या सर्चमध्ये हे एकदा चालवून बघा:

```
sprint in openSprints() AND "Story Points" is EMPTY
```

काही प्रोजेक्टमध्ये त्या फील्डचं नाव `Story point estimate` असतं, तसं असेल तर ते टाका. सबटास्क पण यात येतील, ते सोडून द्या. बाकी जे कार्ड निघेल ते कोण करतंय आणि कधीपासून करतंय हे विचारा. चार्टचं मोजमाप पॉइंटवरून कार्डांच्या संख्येवर बदलूनही बघता येतं, ती लाइन जर वर चढलेली दिसली आणि पॉइंटची नाही, तर बिनपॉइंटचं काम आत घुसलंय हे नक्की.

आता इथे लोक लगेच भागाकार करतात. सहा दिवसांत १०, म्हणजे दिवसाला दीडच्या थोडं वर, उरलेत चार दिवस, म्हणजे सहा-सात पॉइंट होतील, बाकी २० बुडाले. हे पण बरोबर नाही, कारण पहिल्या तीन दिवसांत उजवीकडे काही पोचणारच नसतं आणि शेवटच्या दिवसांत अर्धवट झालेली कामं एकत्र पोचतात. सरासरी वेगाने तुम्ही उगाच घाबराल. त्यापेक्षा आपल्याच जुन्या स्प्रिंटशी तुलना करा, तोच सहावा दिवस, तीच संध्याकाळ. मी मागचे पाच स्प्रिंट उघडून बघितले तर सहाव्या दिवशी स्कोपचे ५८, ६१, ५५, ७० आणि ६३ टक्के पॉइंट उरलेले होते, आणि त्यातला तो ७० टक्केवाला सोडला तर बाकी सगळे वेळेत संपले होते. या वेळी ३७ पैकी २७, म्हणजे ७३ टक्के. म्हणजे आमच्यासाठी ५५-६३ टक्के उरणं हे रोजचंच होतं आणि ७३ म्हणजे कान टवकारायला हवेत. हे आकडे आमच्या टीमचे आहेत, तुम्ही वापरू नका, तुमच्या टीमचे काढायला अर्धा तास लागेल तेवढा द्या. तुम्ही लिहिलंय की मागच्या वेळी पण अशीच होती, तर अशीच म्हणजे किती हे टक्क्यांत माहीत असलं पाहिजे, नाहीतर "गेल्या वेळी झालं म्हणजे याही वेळी होईल" एवढंच हातात राहतं.

पण टक्के नुसता इशारा देतात, उत्तर देत नाहीत. उत्तर बोर्डवर असतं. आमचे २७ पॉइंट असे पसरले होते: बिलाची पीडीएफ ५ आणि नोटिफिकेशनचा मेल ३, हे दोन टेस्टिंगमध्ये. सर्च ५, रिव्ह्यूमध्ये. जीएसटीचा एक्स्पोर्ट ८ आणि युजर रोल ३, दोन्ही अजून कोडिंगमध्ये. डॅशबोर्डचं ३, त्याला कुणी हातच लावला नव्हता.

हे बघून डेव्हलपर म्हणाले होईल, आणि त्यांच्या बाजूने ते खोटं नव्हतं. पाच जण, चार दिवस, कोड लिहायचं शिल्लक फक्त तीन कार्डांचं. पण अरुंद जागा तिथे नव्हतीच, ती टेस्टिंगला होती. सहाच्या सहा कार्डांना एकाच माणसाच्या हातातून जायचं होतं. मी टेस्टरच्या शेजारी बसले आणि कार्डागणिक विचारलं की हे तुझ्या हातात आल्यापासून किती वेळ, आणि पॉइंट विसर, दिवसात सांग. पीडीएफ अर्धा दिवस, मेल अर्धा, सर्च एक, रोल अर्धा, डॅशबोर्ड अर्धा आणि जीएसटीला दोन दिवस, कारण राज्यांतर्गत, राज्याबाहेर, क्रेडिट नोट असे सगळे प्रकार तपासायचे. बेरीज पाच दिवस. आणि शिल्लक दिवस चार नव्हते, तीनच होते, कारण दहाव्या दिवशी दुपारी तीनला डेमो आणि आमचा नियम होता की बिल्ड नवव्या दिवशी संध्याकाळी गोठवायचं, दहाव्या दिवसाची सकाळ फक्त अडीअडचणीसाठी. पाच दिवसांचं काम तीन दिवसांत. म्हणजे सहाव्या दिवशी संध्याकाळीच स्पष्ट होतं की सगळं होणार नाही, लाइन करड्या लाइनच्या वर आहे म्हणून नाही, तर या बेरजेमुळे.

मला मनापासून सांगावंसं वाटतं की ही बेरीज रोज करा, दहा मिनिटं लागतात. तुमच्याकडे अरुंद जागा दुसरीच असू शकते, कुठे एकच सिनियर सगळे रिव्ह्यू करतो, कुठे दुसऱ्या टीमच्या एपीआयची वाट बघायची असते, कुठे कस्टमरचा माणूस साइनऑफ देतो आणि तो आठवड्यातून दोनदाच भेटतो. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे ज्या कॉलमात कार्डं साठत जातात आणि बाहेर पडत नाहीत, तो कॉलम. मागच्या स्प्रिंटमध्ये तुमची लाइन शेवटी धाडकन खाली आली ना, तर त्या दोन दिवसांत संपलेली कार्डं एकेक करून उघडा आणि हिस्ट्री बघा की त्याआधी ती कुठे पडून होती. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. एकतर कार्डं मोठी होती आणि सगळ्यांनी एकाच वेळी सुरू केली, किंवा टेस्टिंगला रांग लागली होती आणि शेवटी टेस्टरने रात्री बसून उरकलं, किंवा कामं आधीच झाली होती आणि कार्ड हलवायचं कुणाला सुचलं नाही. तिसरं कारण असेल तर चिंता नाही, रोज स्टँडअपच्या आधी बोर्ड अपडेट करायला लावा म्हणजे चार्ट खरं बोलायला लागेल. दुसरं असेल तर मात्र ती उडी चांगली बातमी नाही, दोन दिवसांत पाच दिवसांचं टेस्टिंग झालं असेल तर त्यातलं काय तपासायचं राहून गेलं हे पुढच्या महिन्यात प्रॉडक्शनमधले बग सांगतात.

परत आमच्या स्प्रिंटकडे येते. पाच दिवसांचं काम आणि तीन दिवस, मग काय सोडायचं? माझ्या डोक्यात साहजिकच जीएसटीचं कार्ड आलं, सगळ्यात मोठं, अजून कोडिंगमध्ये, दोन दिवस टेस्टिंग. ते काढलं की बेरीज बरोबर तीनवर येते. पण त्याच संध्याकाळी प्रॉडक्ट ओनरला विचारलं तर त्या म्हणाल्या, "बाकी काहीही पुढे ढकला, ते नको. महिन्याच्या ११ तारखेला लोकांना जीएसटीआर-१ भरायचाय आणि त्यासाठीच ते आपल्या एक्स्पोर्टची वाट बघतायत." चार्टला हे कधीच कळत नाही, त्याच्यासाठी ८ पॉइंट म्हणजे ८ पॉइंट, कुणाचा रिटर्न त्यावर अडलाय हे त्यात नसतं. पण चार्टमुळे हा प्रश्न सहाव्या दिवशी विचारता आला, नवव्या दिवशी विचारला असता तर निवडायला काही उरलंच नसतं.

मग उलटं केलं. सर्च आणि डॅशबोर्ड थांबवलं, टेस्टरचा दीड दिवस वाचला. उरलं साडेतीन दिवसांचं. रोलचं कार्ड ज्याने लिहिलं नव्हतं अशा दुसऱ्या डेव्हलपरने तपासायचं ठरलं, अजून अर्धा दिवस वाचला, बेरीज तीन. शिवाय जीएसटीचं कार्ड पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही, नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या बिलांचा भाग सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेस्टिंगला आणि बाकीचा आठव्या दिवशी दुपारी. हे दोन तुकडे केले नसते तर टेस्टरला ते कार्ड आठव्या दिवशी दुपारी मिळालं असतं आणि दोन दिवसांचं काम दीड दिवसात बसवायला लागलं असतं.

सातव्या दिवशी मेलचं कार्ड बंद झालं, २७ चे २४. पीडीएफ मात्र परत आली. बिलावर रुपयाच्या चिन्हाच्या जागी नुसता चौकोन छापला जात होता, स्क्रीनवर सगळं नीट आणि पीडीएफमध्ये चौकोन, कारण पीडीएफ बनवताना जो फॉन्ट आत टाकला जात होता त्यात ₹ हे अक्षरच नव्हतं. फॉन्ट बदलून आठव्या दिवशी सकाळी परत तपासली, बंद, १९. नवव्या दिवशी रोल बंद, १६. जीएसटीला त्या पीडीएफच्या परत तपासणीचा फटका बसला आणि ते दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बंद झालं, त्या राखून ठेवलेल्या वेळेत. लाइन ८ वर थांबली. ते ८ म्हणजे सर्च आणि डॅशबोर्ड, जे सहाव्या दिवशीच सांगून झालं होतं.

यातून एक लक्षात घ्या, आमची बेरीज बरोबर तीन दिवसांवर आणून ठेवली होती आणि एका बगने ती हलली. टेस्टिंगमधून कार्ड परत येणं हे धरूनच चाला. मी साधारण असं बघते की तपासायला घेतलेल्या तीन-चार कार्डांतलं एक तरी परत येतं, तुमच्याकडचं प्रमाण तुमच्या कार्डांच्या हिस्ट्रीत दिसेल. दहाव्या दिवसाची सकाळ मोकळी नसती तर जीएसटी पण राहिलं असतं.

आणि ती दोन कार्डं आम्ही शेवटपर्यंत स्प्रिंटमध्येच ठेवली. दहाव्या दिवशी ती बॅकलॉगमध्ये टाकली असती तर लाइन शून्याला टेकली असती, दिसायला छान. पण पुढच्या वेळी जेव्हा मी "सहाव्या दिवशी ७३ टक्के उरले होते, मग काय झालं" हे बघायला जाईन तेव्हा चार्ट म्हणेल की सगळं संपलं, आणि माझी तुलनाच बिघडेल. पाचव्या दिवशी बल्क अपलोड काढलं ते वेगळं, ते काम करणं शक्यच नव्हतं आणि काढलं तेव्हाच सगळ्यांना सांगून काढलं.

उलट्या बाजूचंही थोडं सांगते. लाल लाइन करड्या लाइनला चिकटून रोज तेवढीच खाली येत असेल तर मी जास्त बारकाईने बघते. तासांवर चालणाऱ्या टीममध्ये हे फार होतं, माणूस संध्याकाळी कार्ड उघडतो, आठ तास गेले म्हणून उरलेल्यातून आठ कमी करतो, आणि चार्ट देखणा दिसतो. पण उरलेला वेळ म्हणजे घालवलेला वेळ वजा करून आलेला आकडा नाही, आज नव्याने विचारलं तर अजून किती लागेल तो आकडा. ओळखायचं कसं, तर एखादं कार्ड दोन-तीन दिवस "थोडंसंच राहिलंय" असं ऐकू येत असेल आणि तास मात्र रोज कमी होत असतील, तर ते तास खोटे आहेत. पॉइंटवरच्या चार्टमध्ये निदान हे होत नाही, कार्ड संपलं तर संपलं.

सेटिंगचं पण एकदा तपासा, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या बोर्डमध्ये सुट्टी म्हणून टाकल्या आहेत का, नाहीतर करडी लाइन गणपतीच्या सुट्टीतही खाली उतरत राहते आणि तुम्ही कामावर परत येता तेव्हा आपोआप मागे पडलेले दिसता. आणि बोर्डच्या शेवटच्या कॉलमात कुठला स्टेटस आहे ते बघा. मी एका टीममध्ये गेले होते तिथे "डेव्ह डन" हा स्टेटसच शेवटच्या कॉलमात होता, म्हणजे कोड लिहून झालं की पॉइंट कमी, टेस्टिंग व्हायच्या आधीच. त्यांचा चार्ट दर वेळी शून्याला जायचा आणि रिलीज दर वेळी आठवडाभर पुढे.

मॅनेजरना काय सांगायचं, तर हो-नाही मध्ये सांगू नका. आम्ही सहाव्या दिवशी रात्री जो मेसेज टाकला तो जवळपास असा होता: २७ पॉइंट शिल्लक, त्यातले ११ होतील असं आज खात्रीने वाटतंय, जीएसटीचे ८ होतील पण उद्या संध्याकाळपर्यंत त्याचा पहिला भाग टेस्टिंगला आला तरच, आणि सर्च आणि डॅशबोर्डचे ८ या वेळी होणार नाहीत, प्रॉडक्ट ओनरशी बोलणं झालंय. यातलं मधलं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण सातव्या दिवशी संध्याकाळी मॅनेजर एकच गोष्ट विचारतात, तो भाग आला का, आणि रोजचं "होणार की नाही" बंद होतं. २०११ मध्ये स्क्रम गाइडमध्ये टीमने स्प्रिंटसाठी घेतलेल्या कामाबद्दल "कमिटमेंट" हा शब्द काढून "फोरकास्ट" म्हणजे अंदाज हा शब्द घातला होता, तो याच अर्थाने. अंदाज हवामानासारखा रोज नव्याने सांगायचा असतो.

तर तुमच्यासाठी उद्या सकाळी, स्टँडअपच्या आधी: चार्टखालचा तक्ता उघडून खरे संपलेले पॉइंट वेगळे लिहा, उरलेली कार्डं कॉलमनुसार मांडा, आणि ज्या माणसाकडे सगळ्यात जास्त कार्डं जाऊन थांबणार आहेत त्याच्या शेजारी बसून दिवसांची बेरीज करा. ती बेरीज शिल्लक दिवसांपेक्षा अर्ध्या दिवसाने तरी कमी आली तर मी "होईल" म्हणेन. बरोबरीत आली तर एक छोटं कार्ड आजच बाजूला ठेवा. जास्त आली तर उद्याच दुपारी प्रॉडक्ट ओनरकडे जा आणि यादी समोर ठेवून विचारा की यातलं कुठलं या वेळी नसलं तरी चालेल.